मुंबई फुल मॅरेथॉन : पहिला अर्धा किती वेगाने धावायचा, आणि पेस कोलमडला तर पुढे काय?

पहाटवारा

मंडळी, जानेवारीत मुंबईला फुल धावणार आहे. पहिलीच. ट्रेनिंग बऱ्यापैकी झालंय, पण पेसचं गणित अजून डोक्यात पक्कं होत नाहीये, म्हणून हा धागा.

माझी माहिती आधी देतो. वय ३८, राहणार पुणे. गेल्या महिन्यात हाफ १ तास ५४ मिनिटांत झाली. आठवड्याला साधारण ४५ किमी होतात. सर्वांत मोठा लाँग रन ३२ किमी, ६:२० च्या पेसने, शेवटपर्यंत पाय ठीक होते. चार तासांच्या आत यायची फार इच्छा आहे. त्यासाठी किलोमीटरला ५:४१ चा पेस लागतो.

आता प्रश्न. पहिल्यापासून शेवटपर्यंत ५:४१ धरून ठेवायचा, की निगेटिव्ह स्प्लिट करायचं, म्हणजे पहिली हाफ २:०२ आणि दुसरी १:५८? आमच्या ग्रुपमध्ये दोन्ही बाजूंचे लोक आहेत. आणि ३० किमीनंतर सगळं बिघडलं तर नेमकं काय करायचं, हे कुणीच नीट सांगत नाही. "मनाची तयारी ठेव" एवढंच सांगतात.

धावताना खायची एनर्जी जेल तीन घेणार आहे : १२, २२ आणि ३२ किमीला.

---

मिलिंद_ठाणे

मुंबईत निगेटिव्ह स्प्लिट विसरा. तिथली गोष्टच वेगळी आहे. पहाटे पाचला सुटतो तेव्हा हवा बरी असते, सव्वासातच्या सुमारास सूर्य उगवतो आणि आठनंतर दमट उकाडा अंगावर येतो. चार तासांचा रनर नऊला पोचतो, म्हणजे शेवटचा तास उन्हात. वर परतीच्या वाटेवर छत्तीस-सदतीसच्या आसपास पेडर रोडचा चढ. दुसरा अर्धा हळू होणारच आहे, तर पहिल्या गार दोन तासांत जमेल तेवढा वेळ खिशात टाकून ठेवायचा.

माझा सल्ला : ५:३० ने निघा. हाफ १:५६ ला होईल, चार मिनिटं शिल्लक राहतील, ती पेडर रोडला खर्च करा. मी गेल्या वेळी असंच केलं. पहिली हाफ १:५३, दुसरी १:५९, एकूण ३:५२. मजेत.

---

घाटपायी

मिलिंदराव, उकाड्याबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं आहे. पण एक विचारतो, तुमची नुसती हाफ किती वेळात होते?

---

मिलिंद_ठाणे

१:४१. का?

---

घाटपायी

त्यातच उत्तर आहे. तुम्ही १:४१ वाले असून मुंबईत पहिली हाफ १:५३ ला धावलात. तुमच्या ताकदीपेक्षा बारा मिनिटं हळू. त्याला वेळ खिशात टाकणं म्हणत नाहीत, तुम्ही अगदी राखून धावलात. म्हणून दुसऱ्या अर्ध्यात फक्त सहा मिनिटं गेली.

पहाटवारा यांची हाफ १:५४ ची, म्हणजे ५:२४ चा पेस. तुम्ही त्यांना ५:३० ने निघायला सांगताय. जो माणूस ५:२४ ने २१ किमी धावून पुरता रिकामा होतो, त्याने केवळ सहा सेकंद हळू धावून २१ गाठायचे आणि त्यानंतर आणखी २१ धावायचे? चार मिनिटं शिल्लक दिसतील, पण ती उसनी असतील आणि व्याज फार जबर असेल.

आमच्या साताऱ्याच्या ग्रुपमधल्या एका मुलाचे स्प्लिट माझ्या वहीत आहेत. हाफ १:५३, लक्ष्य चार तास, मार्ग मुंबईचाच. पहिले वीस किमी दर पाचाला साडेसत्तावीस-पावणेअठ्ठावीस मिनिटं, घड्याळासारखा. हाफ १:५६:२५. त्याला वाटलं, आज जमलं. २५ पर्यंतसुद्धा २८ मिनिटांत पाच. पुढचे पाच २९ मिनिटांत, तेव्हाही तो पुढेच होता, २:४७ ला तीस. मग पुढचे पाच ३३ मिनिटांत, त्यापुढचे ३६. संपली ४:१२ ला. पहिल्या अर्ध्यात साडेतीन मिनिटं कमावली आणि दुसऱ्यात जवळजवळ सोळा घालवली.

यात बघायची गोष्ट अशी, की बिघाड दिसला तिसाच्या पुढे, पण झाला पहिल्या पंधरात. वेग थोडा जास्त ठेवला की शरीर चरबी कमी आणि साखर जास्त जाळतं. स्नायूत आणि यकृतात साठवलेली साखर मोजकीच असते. किलोमीटरला दहा सेकंद ज्यादा म्हणजे डोळ्याला काहीच वाटत नाही, दमही लागत नाही, पण तो साठा लवकर संपतो. म्हणून "मला तर वीसपर्यंत मस्त वाटत होतं" हे वाक्य वॉल लागलेल्या, म्हणजे साखर संपून एकदम गळून गेलेल्या, प्रत्येकाकडून ऐकायला मिळतं.

---

सई_शिकागो

नमस्कार. मी मूळची नाशिकची, आता शिकागोत. इथली मॅरेथॉन ऑक्टोबरात, सपाट रस्ता, बहुतेक वेळा थंड हवा. इथे इव्हन स्प्लिट खरंच जमतं. माझ्या शेवटच्या फुलमध्ये दोन्ही अर्धांत एका मिनिटाचाही फरक नव्हता. केल्विन किप्टुमने २०२३ मध्ये इथेच २:००:३५ केली, त्यात पहिला अर्धा ६०:४८ आणि दुसरा ५९:४७. म्हणजे वर्ल्ड रेकॉर्डसुद्धा निगेटिव्ह स्प्लिटने. मग मुंबईत का नको?

आणि एक : घड्याळावरच्या पेसवर आंधळा विश्वास ठेवू नका. इथे डाउनटाउनच्या उंच इमारतींमध्ये आणि पुलांखाली जीपीएस इतकं भरकटतं की एखादा किलोमीटर चारच्या पेसने धावल्याचं दाखवतं. मी ऑटो लॅप बंद करते आणि रस्त्यावरची किलोमीटरची पाटी आली की हाताने लॅप दाबते.

---

घाटपायी

सईताई, लॅपचा मुद्दा फार कामाचा आहे, आणि त्याला जोडून दुसरा. कोर्स मोजलेला असतो सर्वांत जवळच्या रेषेने. आपण वळणांवर बाहेरून जातो, गर्दीत आडवेतिडवे होतो, पाण्याच्या टेबलाकडे सरकतो. शेवटी घड्याळात ४२.५-४२.६ दिसतात. घड्याळावर ५:४१ धरून कुणी ४२.६ धावला तर तो ४:०२ ला येतो आणि त्याला कळतच नाही की दोन मिनिटं गेली कुठे. चार तास हवे असतील तर घड्याळात ५:३८ दिसायला हवेत.

किप्टुमबद्दल मात्र एक सांगतो. त्याच्या आधीचा रेकॉर्ड किपचोगेचा, २०२२, बर्लिन, २:०१:०९. त्यात पहिला अर्धा ५९:५१ आणि दुसरा ६१:१८. तो पॉझिटिव्ह स्प्लिट होता आणि तरीही रेकॉर्ड. त्यामुळे एकच रीत खरी असं नाही. फक्त ते लोक दोन तासांत घरी जातात, आपण चार तास रस्त्यावर. त्यांच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या हवेत फारसा फरक पडत नाही, आपल्या पडतो.

---

नवखा_धावक

मला वाटतं मी पण असाच प्रयोग करतोय. माझा २४ किमीचा लाँग रन मी स्प्लिट केला, सकाळी १४ आणि संध्याकाळी १०. त्याने पेस छान राहतो. फुलच्या तयारीला हे चालेल का? मी डिसेंबरात पहिली हाफ धावणार आहे.

---

घाटपायी

तुम्ही म्हणताय ते वेगळं. इथे एकाच शर्यतीच्या दोन अर्धांना लागणाऱ्या वेळेबद्दल चाललंय. हाफच्या तयारीत ऑफिसमुळे कधी दोन भाग करावे लागले तर बिघडत नाही. पण थकलेल्या पायांनी धावायची सवय सलग रनमधूनच लागते, मधे सहा-आठ तास आणि दोन जेवणं गेली की पाय ताजे होतात. फुलला गेलात तर लाँग रन सलगच ठेवा.

---

पहाटवारा

घाटपायी काका, वीस-पंचवीसपर्यंत मस्त वाटत असेल तर मग आपण चुकीच्या पेसवर आहोत हे आधी कळायचं कसं?

आणि मुंबईचा मार्ग बघता नेमकं काय करू? चार तासांचा नाद सोडू का?

---

घाटपायी

दुसऱ्या प्रश्नाचं आधी.

हाफवरून फुलचा अंदाज काढायला रीगेलचं सूत्र वापरतात. तुमच्या १:५४ वरून ते ३:५८ देतं. त्यामुळे तुम्हाला चार तास शक्य वाटतात. पण ते सूत्र असं गृहीत धरतं की त्या अंतराची पूर्ण तयारी झालेली आहे आणि हवा-रस्ता दोन्ही ठिकाणी सारखेच आहेत. आठवड्याला ४५ किमीवाल्याची फुल सहसा त्याहून हळूच येते, आणि पुण्याच्या थंडीतली हाफ मुंबईच्या दमट हवेला लावता येत नाही. माझा अंदाज ४:०५ ते ४:१०.

म्हणून मी तुमच्या जागी ४:०६ ची आखणी करेन, सरासरी ५:५०. सुरुवातीचे तीन किमी ६:०० च्या आसपास. तिथे गर्दी असते, अंधार असतो, ढोल-ताशे असतात, पाय शिवशिवतात. नेमका तिथेच लोक ५:२० ने सुटतात. मरीन ड्राइव्हला ५:५० वर या. जाताना पेडर रोडचा चढ येतो तेव्हा पेस बघूच नका, श्वास बघा. श्वास सपाटीवर होता तसाच राहिला पाहिजे, मग घड्याळ ६:१० दाखवो. उतारावर थोडं परत मिळेल, सगळं मिळत नाही, आणि उतारावर उड्या मारून ते वसूल करायला जाऊ नका. मांड्या तिथेच फुटतात आणि त्याचं बिल पस्तीसला येतं. सी-लिंकवर वारा असला तर एखाद्या घोळक्याच्या मागे राहा. हाफ २:०३. तीस किमीला २:५५.

मार्ग दरवर्षी थोडाफार बदलतो, त्यामुळे यंदाचा नकाशा आणि चढ कितव्या किलोमीटरला येतात ते बघून आकडे बसवा.

आता पहिला प्रश्न. तीन खुणा आहेत. पंधरा किमीला शेजारच्याशी एक पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर पेस जास्त आहे, घड्याळ काहीही म्हणो. दुसरी खूण, हार्ट रेट. लांब पळताना पेस तोच असूनही ठोके हळूहळू चढतात, उकाड्यात जास्तच. पंचविसाच्या पुढे दहाएक ठोके वाढले तर समजू शकतो. बारा-पंधरालाच तेवढे वाढलेले दिसले तर त्याच मिनिटाला दहा-पंधरा सेकंद हळू व्हा. तिसरी खूण मात्र मला ३२ च्या लाँग रनमधून पारखायला आवडते : शेवटचे आठ किमी ठरलेल्या मॅरेथॉन पेसने करून बघा. तुमचा ३२ चा रन अख्खा ६:२० ने झालाय, त्यात ५:४१ ची परीक्षा झालेलीच नाही.

आणि जेल. तीन म्हणजे कसं पुरेल? एका जेलमध्ये साधारण २५ ग्रॅम कार्ब असतात. तीन जेल म्हणजे ७५ ग्रॅम, चार तासांना. तासाला वीससुद्धा नाही. तासाला निदान ४०-५० ग्रॅम पोटात जायला हवेत. पहिलं ३५-४० मिनिटांनी, भूक किंवा थकवा जाणवायच्या आधी, आणि मग दर अर्ध्या तासाने. पाण्याबरोबर. आणि हे आत्ताच लाँग रनमध्ये करून बघा, पोटालाही सवय लागते.

---

मिलिंद_ठाणे

जेलबद्दल सहमत. पण ४:०६ ची आखणी म्हणजे चार तासांची शक्यता स्वतःच बंद करणं आहे. तीसला २:५५ असेल तर उरलेले १२ किमी ५:२० ने धावावे लागतील. पेडर रोडसकट. कुणाला जमणार? पहिली फुल आयुष्यात एकदाच येते. किमान २:०१ ला हाफ करू द्या, दार उघडं राहील.

माझा ५:३० चा आकडा त्यांच्यासाठी जास्त होता हे पटलं. पण मुंबईत दुसरा अर्धा दोन-तीन मिनिटं हळू असणारच, हे धरूनच आखणी केली पाहिजे, यावर मी ठाम आहे.

---

घाटपायी

तुमच्या शेवटच्या वाक्याशी माझंही भांडण नाही. मुंबईत चार तासवाल्यासाठी सारखा पेस नव्हे, सारखी मेहनत हवी. मेहनत सारखी ठेवली की उकाड्यामुळे दुसरा अर्धा आपोआप दोन-तीन मिनिटं लांबतो. तो बिघाड नाही. माझ्या ५:५० मध्येही तेच होईल, म्हणून म्हटलं ४:०५ ते ४:१०.

२:०१ ला हाफ करावी का, यावर दोन मतं असू शकतात. मला तो जुगार वाटतो.

---

अनघा_देशस्थ

मी डॉक्टर आहे, मॅरेथॉनच्या मेडिकल टेंटमध्ये काम केलंय. वेगावर मी बोलत नाही, उकाड्यावर बोलते.

पळताना अंगावर काटा येणं, थंडी वाजल्यासारखं होणं, डोकं हलकं होणं, सरळ रेषेत पळता न येणं, सोबतच्याला उलटसुलट उत्तरं देणं. यातलं काही दिसलं तर पेसचा प्रश्न संपला. थांबायचं, सावली, अंगावर पाणी, मदत मागायची. जो गोंधळलेला असतो त्याला स्वतःला ते कळत नाही, म्हणून सोबतच्यांनी बघायचं. टेंटमध्ये येणारे बरेच जण "अजून दोनच किमी राहिलेत" म्हणत स्ट्रेचरवरून उठायला बघतात.

दुसरं, भीतीपोटी प्रत्येक टेबलावर दोन-दोन ग्लास पाणी पिऊ नका. चार-साडेचार तास हळू धावणाऱ्यांमध्ये जास्त पाण्याने रक्तातलं सोडियम खाली गेलेलं आम्ही बघितलंय. बोटं सुजणं, अंगठी घट्ट होणं, मळमळ, डोकेदुखी. तहानेने प्या, उरलेलं डोक्यावर आणि मानेवर ओता. आणि धावताना आयबुप्रोफेनसारखी दुखण्याची गोळी घेऊ नका. उकाडा, पाण्याची कमतरता आणि ती गोळी एकत्र आली की मूत्रपिंडावर ताण येतो.

---

जुन्नरकर

माझा अनुभव थोडा निराळा. मला ना दम लागतो, ना चक्कर. चौतीसला नेमाने पोटरीत गोळा येतो. मी मीठ, केळी, इलेक्ट्रोलाइटच्या गोळ्या सगळं करून बघितलं, फरक नाही. शेवटचे आठ किमी लंगडत. माझं लक्ष्य ४:३० असतं, येतो ४:५० ला. मग इव्हन स्प्लिट करून काय उपयोग?

---

घाटपायी

जुन्नरकर, तुमचे पहिल्या अर्ध्याचे आकडे टाका. शर्यतीतले बरेच गोळे मिठापेक्षा थकव्याचे असतात. स्नायूला ज्या वेगाची सवय नाही त्या वेगाने तो तीन तास पळवला की तो आकडतो.

---

जुन्नरकर

२:०८.

---

घाटपायी

४:३० ला हाफ २:१५ हवी. तुम्ही सात मिनिटं आधी आहात. पोटरीच्या व्यायामाबरोबर एकदा २:१६ ला हाफ करून बघा. गोळा येणारच नाही असं नाही म्हणत, काहींना तो सगळं नीट करूनही येतो. पण चौतीसऐवजी चाळीसला आला तरी गणित बदलतं. आला की थांबून पोटरी हळू ताणा, टाच खाली दाबून, अर्धा मिनिट, आणि मग लहान पावलं. आकडलेल्या पायाने तोच पेस रेटलात तर स्नायू फाटतो.

आता पहाटवारा यांचा राहिलेला प्रश्न, बिघडलं तर काय. "मनाची तयारी" हे उत्तर नाही. आधी काय बिघडलंय ते ओळखायचं, कारण उपाय वेगवेगळे आहेत.

पेस पडतोय, ठोकेही पडताहेत, डोकं रिकामं झालंय, साधी बेरीज जमत नाही, उगाच रडू येतंय. ही साखर संपलीय. एक जेल लगेच पाण्याबरोबर, दहा-पंधरा मिनिटं सावकाश, टेबलावर मिळेल ते गोड तोंडात. परत पहिल्यासारखं होणार नाही, पण चालत जायच्या जागी पळत जाता येतं.

पेस तोच पण ठोके चढत चाललेत, तोंड तापलंय, पाणी नकोसं वाटतंय. हा उकाडा. यावर जेल चालत नाही, उलट पोट बिघडतं. वीस-तीस सेकंद हळू व्हा, डोक्यावर पाणी, मिळेल तिथे स्पंज, रस्त्याच्या सावलीच्या बाजूने. ठोके खाली येईपर्यंत काही खाऊ नका.

श्वास शांत, ठोके कमी, डोकं साफ, पण मांड्या दगड झाल्यात, उतारावर तर टेकवतच नाहीत. हे स्नायू गेले. यात पावलं लहान करायची, हात चालवायचे, आणि ठरवून चालायचं.

ठरवून चालणं हा यातला सर्वांत महत्त्वाचा भाग, म्हणून नीट सांगतो. माणूस काय करतो? पेस गेला की हट्टाने खेचत राहतो, ६:३०, मग ७:००, मग साडेसात, आणि मग एकदा चालायला लागला की परत पळतच नाही. त्याऐवजी अजून पळता येतंय तेव्हाच ठरवा, चार मिनिटं पळायचं आणि एक मिनिट झपझप चालायचं. पळताना ६:०० आणि चालताना १०:०० धरलं तरी सरासरी साधारण ६:३१ पडते. पाय ओढत साडेसातने जाण्यापेक्षा हे किलोमीटरला मिनिटभर पुढे. चालण्याची वेळ घड्याळावर, मनावर नाही. मिनिट संपलं की पळायचंच.

आणि गेलेला वेळ भरून काढायचा नाही. तिसाव्याला दोन मिनिटं मागे असाल तर ती गेली. उरलेल्या बारा किमीत दहा-दहा सेकंद वसूल करायला गेलात की चौथ्या किमीला पुन्हा तोच बिघाड, जास्त मोठा. नवं लक्ष्य तिथल्या तिथे ठरवा. ते तीसला डोकं चालत नसताना सुचणार नाही म्हणून आधीच हातावर पेनाने लिहून ठेवा. पहिलं ४:०६. ते गेलं तर ४:१५. तेही गेलं तर पेडर रोड चालत चढायचा आणि पुढचं पळत संपवायचं.

---

सई_शिकागो

काका, चार-एक केव्हा सुरू करायचं? मला कायम वाटतं की लवकर सुरू केलं तर उगाच वेळ जाईल.

---

घाटपायी

माझा नियम असा : सलग दोन किलोमीटर, सपाटीवर, ठरलेल्या पेसपेक्षा वीस सेकंदांहून जास्त हळू झाले आणि जेल-पाणी-डोक्यावर पाणी करूनही तिसरा सुधारला नाही, की सुरू. एकच किमी वाईट गेला तर काही करू नका, वाईट किलोमीटर येतात आणि जातात. पेडर रोडच्या चढावरचे किमी यात मोजायचे नाहीत.

हा माझ्या अनुभवातला आकडा आहे. काही कोच पहिल्यापासूनच पळ-चाल करवतात आणि त्यांचे रनर उत्तम वेळेत येतात. त्यामुळे हाच योग्य असं म्हणणार नाही.

---

मिलिंद_ठाणे

पेडर रोड चालत चढायचा हे मात्र मला पटत नाही. तिथे दोन्ही बाजूंना माणसं उभी असतात, ओरडत असतात, बिस्किटं-संत्री देत असतात. तिथे चाललात की तुम्ही शर्यतीतून मनाने बाहेर पडता. हळू पळा, पण पळा. चालायचं असेल तर चढ संपल्यावर चाला.

---

अनघा_देशस्थ

मिलिंद, चढ संपल्यावर उतारावर चालणं म्हणजे फुकटची मदत टाकून देणं नाही का? ज्याचे ठोके आधीच वर आहेत त्याने नऊच्या उन्हात चढावर पळू नये, बघणारे कितीही ओरडोत.

---

पहाटवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. घाटपायी काका, अनघाताई, तुमच्या पोस्टी प्रिंट काढून ठेवल्यात.

सध्या असं ठरवतोय : पुढच्या रविवारी २८ किमी, त्यातले शेवटचे आठ ५:४५ ने, आणि दर अर्ध्या तासाला एक जेल. ते आठ बोलता येईल अशा श्वासात झाले तर हाफ २:०१:३० ला करायचा विचार करेन. नाही झाले तर ५:५०, वाद नाही. काका, तुम्हाला हा जुगार वाटतोय हे माहीत आहे.

शेवटचा एक प्रश्न. चार तासांचा आणि सव्वाचार तासांचा झेंडा घेऊन पेसर असतात ना? त्यांच्या मागे राहिलं तर हे गणित करावंच लागणार नाही?

---

घाटपायी

आठ किमीची अट चांगली आहे, पण ती पुण्याच्या पहाटे पार पडेल, मुंबईच्या साडेआठला नाही. ते लक्षात ठेवून काय ते ठरवा.

पेसरबद्दल दोन गोष्टी सुरुवातीच्या रेषेवरच विचारून घ्या. एक, ते चिप टाइम, म्हणजे स्वतः रेषा ओलांडल्यापासूनची वेळ, धरून धावणार की बंदुकीच्या वेळेवर. तुम्ही त्यांच्यानंतर तीन मिनिटांनी रेषा ओलांडली आणि ते बंदुकीच्या वेळेवर असतील, तर त्यांना गाठायला जाताना तुम्ही पहिल्या पाच किमीतच पाय जाळाल. दोन, ते सारखा पेस धरणार की पहिल्या अर्ध्यात वेळ कमावणार. काही पेसर मुंबईत मुद्दाम दोन-तीन मिनिटं पुढे ठेवतात, उकाड्यासाठी. त्यांच्यासाठी ते ठीक, त्यांची स्वतःची क्षमता पुष्कळ जास्त असते.

आणि पाण्याच्या टेबलावर पेसरमागचा अख्खा घोळका एकदम तुटून पडतो. घोळक्याच्या दहा-पंधरा मीटर मागे राहा, टेबलाच्या शेवटच्या टोकाला ग्लास घ्या.

---

जुन्नरकर

२:१६ ची हाफ लिहून घेतली. ठाण्यात पुढच्या महिन्यात ३२ चा रन आहे, त्यात त्याच पेसने करून आकडे इथेच टाकतो.